विटाळाची फिर्याद

सावर्ड्यास एका घरी एकादशीच्या भजनास बसलो असता, एका व्युत्पन्न गृहस्थांनी असा निकाल दिला की, सोयराबाईचे अभंग हा चोखोबांच्या वाणीचा पडसाद होय. त्यांतील विटाळाचा विचार निव्वळ वेदान्त आहे, आणि त्यात जातीविरुद्ध किंवा घराविरुद्ध फिर्याद शोधणे ही हल्लीच्या लोकांची हौस आहे.

आत्मा शुद्ध आहे, हे ती म्हणते खरे, आणि तेथेच ती थांबती तर गृहस्थांचे म्हणणे मी बिनतक्रार कबूल केले असते. कारण आत्म्याची शुद्धता शास्त्री-पंडितांनाही मान्य होती आणि तिच्यामुळे गावच्या वहिवाटीत तसूभरही फरक पडत नव्हता. परंतु आत्म्यावरून ती पुन्हा देहावर उतरते. विटाळ देहाचा म्हणता ना, तर तो देहातच जन्मलेला आहे. ज्या स्थानी देह उत्पन्न होतो ते स्थानच विटाळाचे, मग त्याशिवाय जन्मलेला सोवळा देह दाखवा, असा तिचा युक्तिवाद आहे. येथे प्रतिपक्षाची कबुली हाच तिचा दाखला होतो.

शिवाय विटाळ हा एकच शब्द वेशीबाहेरच्या माणसाला लागत होता आणि चार दिवस बाजूला बसलेल्या घरच्या सुनेलाही. चोखोबांनी विटाळाचा प्रश्न विचारलाच आहे. पण तोच प्रश्न बाळंतिणीच्या तोंडून आला म्हणजे त्याचा रोख घरातल्या ओवळ्या-सोवळ्याकडेही वळतो. सोयराबाईच्या बाळंतपणी चोखोबा बहिणीकडे निघून गेले आणि प्रत्यक्ष विठ्ठल नणंद निर्मळेचे रूप घेऊन आला, अशी कथा आहे. ती इतिहास म्हणून मी सांगत नाही. मात्र ज्या खोलीत सुयेराच्या धास्तीने घरचा पुरुषही पाऊल टाकीना, तेथे देवाला सुईणपणास बसवणारी कल्पना वेदान्ताची खचित नव्हे.

राहिली नाममुद्रा. ‘चोख्याची महारी’ यात तिचे स्वतःचे नाव नाही, हा आक्षेप निम्मा मला मंजूर आहे; नवऱ्याच्या नावाचा उंबरठा तिने ओलांडला नाही. पण जे जातिनाम इतरांनी दूर उभे करण्यासाठी वापरले, तेच ती कवित्वाच्या मालकीची सही म्हणून अभंगाच्या शेवटी घालते, आणि पडसाद कधी सही करीत नसतो. तिच्या शब्दांनी देवळाचे दार उघडले, असा माझा दावा नाही. मंगळवेढ्यास १३३८ साली गावकूस कोसळून चोखोबा गेले, त्यांची समाधी पंढरपुरी महाद्वाराबाहेरच झाली, आणि ते देऊळ अस्पृश्यांस खुले व्हावयास १९४७ साल व साने गुरुजींचे उपोषण लागले.

गृहस्थ यावर काही बोलणार, तोच बुवांनी नेमका तोच अभंग धरला. घरची थोरली सून त्या दिवशी बाहेरची होती. मागल्या पडवीत, पाण्याचा वेगळा तांब्या शेजारी ठेवून बसलेली. धृपदाला तिचाही आवाज कुडापलीकडून येत होता, आणि माजघरात कोणी तिला गप्प राहा म्हटले नाही.