पाच घरं, एक गुरुजी आणि अक्षय्य तृतीयेला भाद्रपद

मंडळी, थोडं कडू लिहितोय. काही गुरुजींना आणि त्याहून जास्त यजमानांना लागेल. लागू द्या.

यंदा अक्षय्य तृतीयेला आपल्या गावात एका गुरुजींनी सकाळी सहा ते दुपारी दोन या वेळात पाच वास्तुशांती लावल्या. पाचही घरं मला माहीत आहेत, त्यातल्या दोन घरी मी जेवायला होतो. आठ तासांत पाच घरं, म्हणजे घरटी दीड तास. त्यातून मोटारसायकलवरून जायची वीस मिनिटं काढा. उरला एक तास दहा मिनिटं.

आता वास्तुशांत म्हणजे काय ते बघू. गणपतीपूजन, पुण्याहवाचन, मातृकापूजन, नांदीश्राद्ध एवढंच नीट केलं तर तास जातो. मग खरं काम सुरू होतं. चौरंगावर नऊ गुणिले नऊ अशी एक्याऐंशी घरं आखून तांदळांनी वास्तुमंडल मांडायचं, त्यात पंचेचाळीस देवतांचं आवाहन करायचं, नवग्रह आणि कलश मांडायचे. पुढे अग्निस्थापना, होम, बलिदान, पूर्णाहुती. शेवटी वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरायची, त्याला निक्षेप म्हणतात. एक गुरुजी आणि एक मदतनीस असले तर साडेतीन-चार तास लागतात. मग सत्तर मिनिटांत काय झालं? एका घरी मंडल छापील कापडाचं होतं, त्यावर हळद-कुंकू टाकून मोकळे. नांदीश्राद्ध झालंच नाही. होमात तूप किती पडलं ते अग्नीला ठाऊक.

सगळ्यात मोठा घोळ संकल्पात झाला. संकल्पात संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र आणि मग यजमानाचं गोत्र-नाव येतं. म्हणजे ही पूजा कोण, कुठे, कधी आणि कशासाठी करतोय याचा तो दाखला आहे. अक्षय्य तृतीयेला तिथे उत्तरायण, वसंत ऋतू, वैशाख मास, शुक्ल पक्ष, तृतीया यायला हवं. गुरुजी म्हणाले दक्षिणायन, वर्षा ऋतू, भाद्रपद मास, चतुर्थी! शेजारी बसलेले निवृत्त संस्कृत शिक्षक दचकले. कारण उघड आहे. गुरुजींनी गणेशचतुर्थीची पूजा ऐकून ऐकून पाठ केली होती आणि तोच संकल्प वर्षभर, सगळ्या घरी चालवत होते. दिवाळीलाही भाद्रपद, पाडव्यालाही भाद्रपद.

शिकलेला माणूस ओळखायची खूण हीच. भिंतीवरचं कॅलेंडर बघा आणि संकल्प कान देऊन ऐका. संस्कृत येत नसलं तरी महिना, पक्ष आणि तिथी कळतेच.

दुसरी खूण निक्षेपाची. यातल्या एका फ्लॅटमध्ये फरशी आधीच बसलेली होती. गुरुजींनी प्रतिमा डबीत घालून यजमानांना सांगितलं, कपाटात ठेवा. जाणता गुरुजी महिनाभर आधी विचारतो, फरशीचं काम कुठवर आलंय? आग्नेयेची एक फरशी मोकळी ठेवा, खाली डबीपुरती जागा करा. जो पूजेच्या दिवशीच पहिल्यांदा घर बघतो, तो हे सांगणार कधी?

आता यजमान. त्याच फ्लॅटवाल्यांनी मंडप, केटरिंग आणि फोटोग्राफर यांच्यावर दीड लाख घातले. गुरुजींशी मात्र एकतीसशेवरून घासाघीस. मी विचारलं तर म्हणाले, "अहो, तासाभराचंच तर काम!" तासाभराचं कोणी केलं, दादा? जेवणाची पंगत साडेअकराला ठरवून गुरुजींना सकाळी दहाला कोणी बोलावलं? मधेच "गुरुजी, जरा आटपा, पाहुणे ताटकळलेत" असं कोण म्हणालं?

गुरुजींचीही बाजू आहे. पितृपक्ष, अधिक मास, गुरू-शुक्राचा अस्त, असे दिवस वगळले की वास्तूचे मुहूर्त मोजकेच उरतात. त्यात लोकांना रविवार किंवा साडेतीन मुहूर्तांतला एखादा दिवसच हवा असतो. मग त्या एका दिवसात महिन्याची कमाई करायचा मोह होतो. पाच घरांचे प्रत्येकी एकतीसशे म्हणजे साडेपंधरा हजार. पण सकाळी एक वास्तुशांत एकावन्नशेला आणि संध्याकाळी एक सत्यनारायण अकराशेला घेतला, तर बासष्टशे होतात. फरक मोठा आहे, नाकारत नाही. तो भरून काढायचा रस्ता म्हणजे पंचांगातले बाकीचे मुहूर्त वापरणं. बुधवारची वास्तुशांत कमी प्रतीची नसते. सुट्टी टाका की एक दिवस! लग्नाला टाकताच ना?

"दक्षिणा यथाशक्ती असते, ठरवायची नसते" हा युक्तिवाद मला पटत नाही. न ठरवता शेवटी तोंड वाकडं होतं, ते जास्त वाईट. आधीच तीन आकडे सांगावेत: मुख्य गुरुजींची दक्षिणा, मदतनिसाची दक्षिणा आणि सामान कोण आणणार. यादी आठ दिवस आधी द्यावी. मग ताटातली नाणी, वस्त्र, शिधा हे यजमानाच्या मनावर. एके काळी ग्रामजोशाला पूजा दुसऱ्याने केली तरी दक्षिणेचा वतनी हक्क सांगता येत असे. १९२६ साली मुंबई प्रांतात कायदा करून तो हक्क मोडला. तेव्हापासून दक्षिणा कामाची आहे, आडनावाची नाही, हे दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवावं.

म्हणूनच "बाईमाणूस पूजा सांगते, चालतं का?" हा प्रश्न मला विचारू नका. पुण्यात स्त्रिया कित्येक वर्षं रीतसर शिकून पौरोहित्य करताहेत. आपल्या तालुक्यातल्या एक ताई आधी उच्चार, मग पुरुषसूक्त आणि षोडशोपचार, मग पुण्याहवाचन अशा क्रमाने दोन वर्षं गुरूंपुढे बसल्या. पुढचं वर्षभर नुसत्या मदतनीस म्हणून गेल्या. आज त्या गणपती आणि सत्यनारायण घेतात. वास्तुशांत विचारली तर सरळ म्हणतात, "होम अजून माझ्या हाताखालून पुरेसा गेला नाही, माझ्या गुरूंना विचारा." नाही म्हणता येणं हीसुद्धा शिकल्याची खूण आहे.

काहीजण म्हणतील, श्रद्धा महत्त्वाची, मंत्र गौण. मान्य. मग देवापुढे दिवा लावा, नारळ फोडा, दूध उतू घाला आणि राहायला जा. कोणाची ना नाही. पैसे आणि वेळ कमी असला तर गणेशपूजन करा, ते तासाभरात उत्तम होतं. पण सत्तर मिनिटांच्या उरकाउरकीला वास्तुशांत म्हणू नका, आणि कोणी म्हणत असेल तर त्याला पैसे देऊ नका.

पुढच्या मुहूर्ताला गुरुजी ठरवताना तीनच प्रश्न विचारा. कोणाकडे शिकलात? त्या सकाळी आमच्याशिवाय अजून किती घरं घेतलीत? आणि आग्नेयेची फरशी केव्हा बघायला येता? तिसऱ्या प्रश्नाला समोरचा गोंधळला, तर दुसऱ्याचं उत्तर आपोआप कळेल.