घड्याळ न दाखवता सांजवेळ



आपल्यापैकी बऱ्याच जणी हल्ली आठवणी, कथा लिहितात. त्यातलं एक वाक्य मला नेहमी खटकतं: ‘हिवाळ्यातली संध्याकाळ होती.’ माझ्या मते ते गाळावं. वाचणारीला वेळ कळते, पण ती त्या स्वयंपाकघरात पोचत नाही. खरं तर वेळ कशी कळते, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक? दिवस मावळायच्या आत जेवणं उरकणाऱ्या घरात बाई घड्याळापेक्षा भिंतीवरचं ऊन बघते. पुण्याकडे डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनअखेर सव्वासातच्या आसपास. म्हणजे ‘सहा वाजले’ लिहून काहीच साधत नाही.

तेच वाक्य असं लिहून बघा: ‘खिडकीतलं ऊन ओट्यावरून सरकत फडताळाच्या वरच्या फळीवर चढलं. उकडलेल्या तुरीच्या शेंगांचं पातेलं आजीने घाईने खाली उतरवलं.’

सूर्य खाली जातो तसं पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन समोरच्या भिंतीवर वर चढतं, त्यावरून वेळ कळली. ओल्या तुरीच्या शेंगा थंडीतच येतात, त्यांच्या वासाने ऋतू कळला. आजीच्या घाईने उरलेलं सांगितलं. एक खूण वेळेची, एक ऋतूची, एवढं पुरतं. चार खुणा रचल्या की वर्णन सजवल्यासारखं वाटतं.

आता हाच प्रसंग आषाढात न्या. इथे चूक हमखास होते, कारण उन्हाची तिरीप तशीच राहून जाते. आभाळ भरलेलं असताना ऊन कुठून येणार? अशा दिवशी कान वापरावा: ‘घरात बांधलेल्या दोरीवरचे कपडे दोन दिवस झाले तरी ओलेच होते, त्यांचा कुबट वास माजघरभर होता. समोरच्या झाडावर साळुंक्यांचा कलकलाट सुरू झाला, तशी आजीने ताटं मांडली.’ साळुंक्या झाडावर परतताना असा गलका करतात, ढग असोत वा नसोत.

खूण निवडताना ती किती दिवस टिकते तेही बघावं. मातीचा सुगंध पहिल्या सरींचा. श्रावणात तो घातला तर खोटा वाटतो. उलट पंखवाले किडे दिव्यावर झेपावतात, जीव जाऊ नयेत म्हणून कोणी दिवा मालवतं, या एका कृतीत पहिला पाऊस आणि तिन्हीसांजेनंतरची वेळ, दोन्ही येतात. खूण पात्राच्या हातातल्या कामातून आली की ती वेगळी समजावून द्यावी लागत नाही.

लिहून झालं की ऋतू न सांगता जावेला किंवा नणंदेला वाचून दाखवा आणि विचारा, ‘कधीचं आहे हे?’ ती अडखळली, तर शब्द वाढवू नका, खूण बदला.