आभाराच्या पत्रातील विशेषणे

१६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे मैदानावर सचिन तेंडुलकर यांनी निरोपाचे भाषण केले. आपले गुरू रमाकांत आचरेकर यांच्याविषयी बोलताना त्यांनी मोठमोठी विशेषणे वापरली नाहीत. सर स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत आणि एका दिवसात दोन-दोन सामने खेळवून घेत, हे त्यांनी सांगितले. एकोणतीस वर्षांत सर एकदाही ‘चांगला खेळलास’ असे म्हणाले नाहीत, हेही सांगितले. शिष्य कधी समाधानी होऊ नये, ही त्यामागची दृष्टी होती. एवढ्या दोन आठवणींतून गुरू कसा होता आणि त्याने काय घडविले, हे ऐकणाऱ्यास कळून आले.

आपण आभाराचे पत्र लिहावयास बसतो, तेव्हा नेमके याच्या उलट होते. दिंडोशी येथील एका निवृत्त बँक कर्मचारी महिलेने आपल्या जुन्या शाखाधिकाऱ्यांना लिहिलेल्या पत्राचा पहिला खर्डा असा होता: ‘आपण माझ्या आयुष्यातील दीपस्तंभ आहात. आपल्या अनमोल मार्गदर्शनामुळे मी घडले. आपले ऋण कधीही फिटणार नाही.’ भावना खरी होती. परंतु हे पत्र वरचे नाव बदलून कोणालाही पाठविता आले असते. खर्डा तपासण्याची पहिली कसोटी हीच: नाव बदलूनही जे वाक्य जसेच्या तसे लागू पडते, ते खोडावे.

वाक्ये खोडल्यावर पत्र जवळजवळ कोरे राहिले. मग त्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारला: ‘साहेबांना भेटण्यापूर्वी मी कोणते काम एका रीतीने करीत होते आणि नंतर दुसऱ्या रीतीने करू लागले?’ त्यातून एक आठवण निघाली. ती प्रथम अशी उतरली: ‘एकदा हिशेब जुळत नव्हता, तेव्हा आपण मला फार मदत केलीत.’ येथे प्रसंग आहे, पण बदल नाही. म्हणून त्यांनी तो तीन भागांत पुन्हा लिहिला: आधी काय होते, गुरूने काय केले, नंतर काय राहिले.

‘संध्याकाळी खतावणीत ३६० रुपयांचा फरक येत होता. मी दोनदा सगळी बेरीज पहिल्यापासून केली होती आणि तिसऱ्यांदा सुरू करणार होते. आपण खुर्ची ओढून शेजारी बसलात आणि बेरीज थांबवून फरकाला नऊने भागावयास सांगितलेत. पूर्ण भाग गेला, तेव्हा एखाद्या रकमेतील अंक उलटे पडले असण्याची शक्यता आहे, असे समजावलेत. व्हाउचरे पाहिली तेव्हा २,७३० ची नोंद २,३७० अशी झालेली सापडली. चूक शोधून आपण दिली नाहीत. मला शोधू दिलीत. आज सोसायटीची खजिनदार म्हणून हिशेब अडला की मी आधी फरक वाचते, मग वही उघडते.’

नऊचा हा नियम केवळ खूण आहे, पुरावा नव्हे. अन्य चुकीचा फरकही कधी नऊने भागला जातो. पत्रात म्हणूनच ‘शक्यता’ हा शब्द राहू दिला. ज्यांना पत्र लिहायचे, ते स्वतः जाणकार आहेत. अतिशयोक्ती त्यांना लगेच खटकेल.

यानंतर काटछाट झाली. ती नोंद ज्या सहकाऱ्याने केली होती, त्याचे नाव गाळले. आभाराच्या पत्रात दुसऱ्याची चूक कशाला? स्वतःच्या पदोन्नत्यांची यादीही गेली, कारण तिच्यामुळे पत्राचा रोख गुरूकडून शिष्येकडे वळत होता. साहेबांच्या तोंडी घातलेले एक सुंदर वाक्य नेमके आठवत नव्हते. ते अवतरणचिन्हांतून काढून त्याचा केवळ आशय ठेवला. न म्हटलेले वाक्य आपल्या नावे वाचून गुरूला संकोच वाटतो आणि उरलेल्या आठवणींवरही त्याची छाया पडते.

दुसरी कसोटी शेवटी लावावी: प्रत्येक आठवणीनंतर ‘मग काय झाले?’ असे विचारावे. उत्तर पत्रात नसेल, तर आठवण कितीही गोड असली तरी ती अपुरी आहे. तीन आठवणींपैकी एक या कसोटीवर टिकली नाही. सहलीत सगळ्यांनी खाल्लेल्या भजींची आठवण हृद्य होती, पण तिने काही बदलले नव्हते. ती फोनवर बोलण्यासाठी राखून ठेवली.

पत्र एका पानात मावले. वयोवृद्ध डोळ्यांसाठी अक्षर मोठे, ओळी सुट्या काढल्या. शेवटी काही मागितले नाही, भेटीचा आग्रह धरला नाही, आणि उत्तराची अपेक्षाही लिहिली नाही. पहिल्या खर्ड्यातील ‘ऋण’ हा शब्द कोठेच उरला नव्हता. त्याच्या जागी ३६० रुपयांचा तो फरक होता, आणि साहेबांना तो वाचून आपले काम ओळखता येणार होते.