सात सेकंद आणि पैठणचा पत्ता

नाथषष्ठीला घरी गेलो होतो. पैठणकरांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो, त्या दिवसांत गावातल्या प्रत्येक घरात माणसांपेक्षा पाहुणे जास्त असतात. अशा गर्दीत माझ्या मामेभावाने मला माडीवर ओढत नेलं आणि प्लास्टिकच्या फोल्डरमधून दोन कागद काढून हातात दिले. "दादा, हे बघ ना. सहा महिने झाले पाठवतोय, एक फोन नाही."

रेझ्युमे. (मामा अजून त्याला बायोडेटाच म्हणतात.)

मी बघायला लागलो आणि लक्षात आलं की मी वाचत नाहीये, नुसती नजर फिरवतोय. ही सवय मला मागच्या वर्षी लागली. टीममध्ये एक जागा होती, एचआरने दीडेकशे रेझ्युमे पाठवले आणि म्हणाले, तुम्हीच पहिली चाळणी लावा. पहिले वीस मी इमानेइतबारे वाचले. पुढे चहा गार झाला, रिलीजचं टेन्शन आलं, आणि शेवटचे शंभर कसे बघितले ते सांगायला मलाच लाज वाटते. एचआरवाल्यांना शिव्या घालणं सोपं आहे हो, पण त्या खुर्चीत बसलो तर आपणही तेच करतो.

यावर अमेरिकेत एक अभ्यास झालेला आहे. लॅडर्स नावाच्या जॉब साइटने 2012 मध्ये तीस रिक्रूटरांच्या नजरेचा माग घेतला. पहिल्या नजरेला साधारण सहा सेकंद, आणि 2018 मध्ये परत मोजलं तेव्हा 7.4 सेकंद. ही साइट नोकरी शोधणाऱ्यांच्याच जिवावर चालते आणि माणसं फक्त तीस, म्हणून सेकंदांच्या आकड्याला मी फार भाव देत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते नजर कुठे गेली ते. नाव, आत्ताचं पद आणि कंपनी, त्याआधीचं पद आणि कंपनी, दोन्हीकडच्या तारखा, शिक्षण. सुमारे ऐंशी टक्के वेळ एवढ्यावरच गेला. उरलेल्या मजकुरात ओळखीचे शब्द दिसतात का तेवढं चाळलं, बस.

आता ही यादी नीट बघा. हे सगळे शिक्के आहेत. कंपनी माहितीची आहे का, पद आपल्या जागेशी जुळतं का, कॉलेज ऐकलेलं आहे का. तुम्ही काय काम केलं ते यात कुठेच नाही! सात सेकंदांत काम वाचून होत नाही, शिक्का वाचून होतो. ज्याच्याकडे मोठा शिक्का आहे त्याने रेझ्युमे कसाही लिहिला तरी चालतो. ज्याच्याकडे नाही, त्याने शिक्क्याच्या जागी काम लिहायला पाहिजे. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

आणि यादीत पहिलं काय, तर नाव. इथे मात्र लिहिण्याची युक्ती चालत नाही. आपल्या अमरावती जिल्ह्यातले सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांना पाठवून पाहिले होते. 2007 मध्ये तो अभ्यास छापून आला. दलित आणि मुस्लिम नावांना पुढचं बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावांपेक्षा कमी निघाली. घाईत माणूस सवयीने निर्णय घेतो, आणि सवयी कुठून येतात ते आपल्याला माहीत आहे. म्हणूनच वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती असला 'पर्सनल डिटेल्स'चा चौकोन मी सगळ्यांना काढून टाकायला सांगतो. नाव लपवता येत नाही, पण मागितलेलं नसताना बाकीचं का पुरवायचं?

असो. भावाच्या कागदाकडे येतो. वर मधोमध नाव, खाली पैठणचा गल्ली-बोळासकट पूर्ण पत्ता. मग 'करिअर ऑब्जेक्टिव्ह', सहा ओळी, ज्या मीही इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला कुणाच्या तरी उतरवल्या होत्या. मग दहावी-बारावी-डिग्रीचा तक्ता. त्यात पहिलं पान संपलं. दुसऱ्या पानावर वाळूजमधली एक छोटी कंपनी, पद 'ट्रेनी इंजिनिअर', तारखेच्या जागी नुसतं '2 वर्षे'.

सात सेकंदांत काय दिसलं? पैठणचा एक फ्रेशर. प्रत्यक्षात या पोराने सी शार्पमध्ये एक प्रोग्रॅम लिहिलाय. तो वजनकाट्याचा आकडा सिरियल पोर्टवरून वाचतो, एसक्यूएल सर्व्हरमध्ये टाकतो आणि खोक्यावरचं लेबल छापतो. तिन्ही शिफ्टना तो चालतो. हे कुठे लिहिलं होतं? 'प्रोजेक्ट्स'मध्ये चौथ्या नंबरला, कॉलेजच्या लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिमच्या खाली.

आम्ही आधी ऑब्जेक्टिव्ह उडवलं. नावाखाली एक ओळ: सी शार्प डेव्हलपर, 2 वर्षे, कारखान्यातल्या यंत्रांशी जोडलेली सॉफ्टवेअर. लगेच कंपनी, महिन्यासकट तारखा आणि वजनकाट्याचं काम तीन ओळींत. शिक्षण खाली गेलं. (खरा फ्रेशर असता तर डिग्री, पास झाल्याचं साल आणि टक्के वरच ठेवले असते, कारण कॅम्पसबाहेरच्या भरतीत आधी तेच बघतात.) तो म्हणाला, पदच 'सॉफ्टवेअर इंजिनिअर' करून टाकू का? अजिबात नाही. ऑफर मिळाल्यावर जुन्या कंपनीकडे चौकशी जाते आणि ती पद अन् तारखाच विचारते. पद कागदोपत्री आहे तेच लिहायचं, शेजारी काम काय करत होतो ते लिहायचं.

पण गंमत पुढेच आहे. हे सात सेकंद तरी कुणाला मिळतात? नोकरी डॉट कॉमसारख्या पोर्टलवर रिक्रूटर आधी शोध लावतो: स्किल, किती वर्षं अनुभव, सध्याचं ठिकाण, नोटिस पिरियड, पगार, आणि प्रोफाइल किती दिवसांत हललं. याच्या प्रोफाइलवर अनुभव शून्य, कारण कॉलेजात असताना भरलं ते भरलं. ठिकाण पैठण. दोन वर्षांचा माणूस पुण्यासाठी शोधणाऱ्याला हा कधी दिसलाच नसणार. सहा महिने पोरगा स्वतःला नालायक समजत होता आणि त्याचा रेझ्युमे कुणी उघडलाच नसण्याची शक्यता जास्त. हे कळल्यावर त्याचा चेहरा बघवत नव्हता.

अजून एक. त्याचं टेम्प्लेट दोन रकान्यांचं होतं, डावीकडे निळी पट्टी वगैरे. दिसायला झकास. मी लॅपटॉपवर हे चालवलं:

```
pdftotext resume.pdf -
```

पीडीएफमधून मशीनला कोणता मजकूर मिळतो ते यात दिसतं. कंपनीच्या नावामागे फोन नंबर चिकटला होता आणि स्किल्स गायबच, कारण ते टेम्प्लेटमध्ये चित्र म्हणून होते. कमांड वगैरे नको असेल तर पीडीएफमधलं सगळं सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा, तेवढंही पुरतं. तिथे ओळी उलटसुलट दिसल्या तर पोर्टललाही तशाच दिसण्याची भीती आहे. निळी पट्टी गेली, एकच रकाना ठेवला.

प्रोफाइलवर दोन वर्षं टाकली, पसंतीच्या ठिकाणांत पुणे टाकलं. आता फोन आले तर ते कशामुळे हे मला सांगता येणार नाही, आणि नाही आले तरी नाही. शिक्का तर बदललेला नाही ना.

रात्री उशिरा त्याने नवी फाइल मेल केली. उघडली, वाचली, सगळं ठीक. फाइलचं नाव होतं resume_final_new2.pdf. तेवढं बदलायला परत फोन केला.