सही मृत्युपत्रावर, भार साक्षीदारावर

मृत्युपत्र केले की आपण सुटलो, अशी एक समजूत मध्यमवर्गीय घरांतून पक्की रुजलेली आहे. वकिलाकडून कागद करून घेतला, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवला, त्यावर शिक्का उमटला आणि तो बँकेच्या लॉकरमध्ये गेला की पुढे मुलाबाळांत तंटा उरणार नाही, असे आपण धरून चालतो. कायदा मात्र असे धरून चालत नाही. हा कागद न्यायालयासमोर येतो तेव्हा तो करणारे माणूस हयात नसते. ही सही तुमचीच का, ती समजून केली का, असे त्याला विचारण्याची सोय नसते. म्हणून त्याच्या वतीने उत्तर देण्याचे काम कायद्याने साक्षीदारांवर सोपवले आहे. आणि नेमकी हीच निवड आपल्याकडे सर्वात निष्काळजीपणे होते. वकिलाच्या कचेरीत त्या वेळी जो हजर असेल, त्याला बोलावून ‘इथे सही करा’ म्हटले की काम झाले!

हा विषय आज काढण्याचे कारण आहे. मुंबई शहरात केलेल्या किंवा शहरातील स्थावर मिळकतीबद्दलच्या हिंदूंच्या मृत्युपत्राला भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या (१९२५) २१३व्या कलमामुळे प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याबद्दल न्यायालयाचे शिक्कामोर्तब, घ्यावेच लागत असे. ठाण्या-पुण्याच्या माणसाला ही सक्ती नव्हती, दादरच्या माणसाला होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने हे कलमच काढून टाकले. त्यामुळे अनेकांना वाटू लागले आहे की आता मृत्युपत्र सिद्ध करण्याची कटकट गेली. पण गेली ती सक्ती. ज्या घरात एक जरी वारस ‘हे मृत्युपत्र आम्हाला मान्य नाही’ म्हणाला, त्या घरात ते सिद्ध करावेच लागते. मग ते प्रोबेटच्या अर्जात असो की मिळकतीच्या साध्या दाव्यात. सिद्ध करण्याचे नियम तसूभरही बदललेले नाहीत.

हे नियम मोजकेच आहेत. मृत्युपत्र करणाऱ्याने सही किंवा अंगठा केला पाहिजे. निदान दोन साक्षीदारांनी ती सही होताना पाहिली पाहिजे, किंवा ‘ही माझीच सही’ अशी कबुली त्याच्या तोंडून ऐकली पाहिजे. आणि दोघांनीही आपापली सही त्याच्या देखत केली पाहिजे. दोघे साक्षीदार एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असे नाही. आतला मजकूर त्यांना ठाऊक असण्याचीही गरज नाही. साक्ष आहे ती सहीची, वाटपाची नव्हे. मात्र ज्याने कागद लिहिला किंवा टंकलिखित केला, त्याचे नाव खाली आले म्हणून तो साक्षीदार ठरत नाही. साक्ष देण्याच्या हेतूनेच सही झालेली असावी लागते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊन पुढचा मार्ग पाहू. दादरला राहणाऱ्या एका विधवा बाईंच्या नावावर सोसायटीतला एक फ्लॅट आणि बँकेत काही ठेवी आहेत. दोन मुलगे आणि एक मुलगी. शेवटची बारा वर्षे मुलीनेच त्यांना सांभाळले. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बाईंनी मृत्युपत्र केले, फ्लॅट मुलीला दिला आणि ठेवी दोन्ही मुलांत वाटल्या. भाच्याला एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राचा अंमल करणारा, नेमले. साक्षीदार दोन, घरचे डॉक्टर आणि वरच्या मजल्यावरचे शेजारी. दस्त नोंदवलेलाही आहे. सहा वर्षांनी बाई गेल्या, आणि दिवसकार्य आटोपताच थोरल्याने सांगितले, ‘आईला काही समजत नव्हते. हे सगळे ताईने करवून घेतले.’

प्रोबेटचा अर्ज भाच्यानेच करायचा, कारण प्रोबेट मिळते ते मृत्युपत्रात नेमलेल्या एक्झिक्युटरलाच. तो नेमलेला नसेल तर लाभार्थी वेगळ्या नावाचा, पण जवळजवळ तसाच अर्ज करतात. मृत्यूनंतर सात दिवस उलटल्याखेरीज प्रोबेट देता येत नाही. अर्जात बाई कधी वारल्या, हे त्यांचे शेवटचे मृत्युपत्र आहे, ते रीतसर झाले आहे, मालमत्ता अंदाजे किती आहे, हे सांगावे लागते. मूळ मृत्युपत्र न्यायालयात जमा करावे लागते. मृत्यूचा दाखला, मालमत्तेची आणि देण्यांची यादी जोडावी लागते. आणि या टप्प्यावरच साक्षीदार पहिल्यांदा लागतो. तो मिळण्यासारखा असेल तर निदान एकाने, ‘मी हजर होतो आणि बाईंनी माझ्या देखत सही केली’ असे लिहून द्यायचे असते. ज्या घरात साक्षीदाराचा पत्ताच कुणाला ठाऊक नसतो, त्या घराचे प्रकरण इथेच अडखळते.

मग नोटीस निघते. कुणाला? मृत्युपत्र नसते तर ज्यांना वाटा मिळाला असता त्यांना, म्हणजे इथे तिन्ही मुलांना. ज्यांनी संमतीचे प्रतिज्ञापत्र दिले त्यांचा प्रश्न मिटतो. सगळ्यांनीच दिले तर प्रकरण फारसा आवाज न होता पार पडते. थोरला मात्र कॅव्हेट दाखल करतो आणि आपल्या हरकतीची कारणे प्रतिज्ञापत्रात मांडतो. एकदा हे झाले की अर्ज अर्ज राहत नाही. त्याचा दावा होतो, भाचा वादी आणि थोरला प्रतिवादी. अनेकांना इथे अपमान झाल्यासारखे वाटते. वास्तविक वारसाला बोलण्याची संधी देणे हाच या पद्धतीचा गाभा आहे. प्रोबेटचा निकाल सगळ्या जगाला लागू होतो. ज्याला कळवलेच नाही असा वारस पुढे येऊन तो रद्द करून मागू शकतो. म्हणून वारसांची नावे लपवून मिळवलेले प्रोबेट वाळूवरच्या घरासारखे असते.

दाव्यात पहिली पाळी वादीची, आणि कायदा निदान एका साक्षीदाराला तपासायलाच हवे असे म्हणतो. मृत्युपत्र नोंदवलेले असले तरीही! इतर काही दस्तांना नोंदणीमुळे जी सवलत मिळते, ती मृत्युपत्राला मुद्दाम दिलेली नाही. एक साक्षीदार पुरतो, हे खरे. पण त्या एकाने तिन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत. बाईंनी सही केली ती मी पाहिली, मी त्यांच्या देखत सही केली, आणि दुसऱ्या साक्षीदारानेही त्यांच्या देखत सही केली. बहुतेक प्रकरणे तिसऱ्या वाक्यावर घसरतात.

महाराष्ट्रातल्याच एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये हे स्पष्ट केले. तिथे दोनांपैकी एकच साक्षीदार तपासला होता आणि त्याला दुसऱ्याच्या साक्षांकनाबद्दल नीट सांगता आले नाही. दुसरा साक्षीदार मिळण्यासारखा होता, तरी त्याला बोलावलेच नव्हते. साक्षीदार नाकबूल झाला किंवा विसरला तर इतर पुराव्याने मृत्युपत्र सिद्ध करण्याची सोय कायद्यात आहे. पण हाताशी असलेला दुसरा साक्षीदार बाजूला ठेवून ती सोय वापरता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि मृत्युपत्र सिद्ध झाले नाही असे ठरवले.

आपल्या उदाहरणात डॉक्टर नीट बोलतात. शेजाऱ्यांनी माझ्या समोर, बाई पलंगावर बसलेल्या असताना सही केली, असे सांगतात. म्हणजे अर्धी लढाई झाली. उरलेली अर्धी असते ती संशयाची. १९५९ सालच्या एका गाजलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दंडक घातला की मृत्युपत्राभोवती संशय घेण्याजोगी परिस्थिती असेल, तर ती दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्याची. सही डळमळीत असणे, मन दुबळे झालेले असणे, आणि ज्याला मोठा लाभ मिळतो त्यानेच कागद करण्यात पुढाकार घेतलेला असणे, ही त्याची ठळक रूपे. थोरल्याचा वकील नेमके हेच विचारतो. वकिलाकडे आईला कोण घेऊन गेले? फी कुणी दिली? उत्तर दोन्हीला एकच, मुलगी.

एवढ्याने मृत्युपत्र कोसळते का? नाही. पण आता खुलासा लागतो. डॉक्टर सांगतात की बाई स्वतः चालत दवाखान्यात येत, औषधांची नावे त्यांना पाठ होती. मजकूर ठरला तेव्हा आपण मुलीला बाहेर बसवले होते, असे वकील सांगतात. दोन्ही मुलांना फ्लॅट का दिला नाही, याचे कारण बाईंनी मृत्युपत्रात दोन ओळींत लिहिले आहे. संशय फिटतो. ‘मुलांना डावलले’ एवढाच आक्षेप फारसा टिकत नाही, कारण नेहमीची वाटणी बदलण्यासाठीच तर माणूस मृत्युपत्र करतो. ‘दबाव आणला, फसवले’ असा आरोप असेल, तर तो सिद्ध करण्याचा भार आरोप करणाऱ्यावर असतो. थोरल्याकडे त्याचा पुरावा काहीच नाही.

धाकटा मुलगा मधेच निराळा मुद्दा काढतो. फ्लॅट वडिलांच्या पैशातून घेतला होता, आईचा तो नव्हताच. मुद्दा खरा असेलही, पण तो इथे चालत नाही. प्रोबेटचे न्यायालय मृत्युपत्र खरे की खोटे एवढेच ठरवते. मालकी कुणाची, हे नाही. त्यासाठी वेगळा दावा करावा लागतो. हे न कळल्याने अनेक भावंडे वर्षानुवर्षे चुकीच्या दारात उभी राहतात, आणि प्रोबेट मिळालेलेही ‘आता मालकीचा प्रश्न सुटला’ अशा भ्रमात असतात.

आणि दोन्ही साक्षीदार वारलेले असते तर? मग निदान एका साक्षीदाराचे हस्ताक्षर आणि बाईंची सही ओळखणारे कुणी शोधावे लागते. मार्ग आहे, पण तो अवघड आहे. सहीच्या वेळी काय घडले हे सांगणारा आवाजच त्यात नसतो.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. साक्षीदार आपल्याहून वयाने लहान, मृत्युपत्रात काहीही न मिळणारा आणि पत्ता सहज सापडेल असा निवडावा. लाभ घेणाऱ्याने साक्ष दिली तर ख्रिस्ती व पारशी मृत्युपत्रात त्याचा लाभच रद्द होतो. हिंदूंच्या मृत्युपत्रात तो नियम नसला तरी संशयाला आयते निमंत्रण मिळते. दोन्ही साक्षीदारांना एकाच वेळी बसवावे. कायद्याची ती अट नसली तरी उलटतपासणीत तिचा उपयोग होतो. ज्याला अधिक द्यायचे, त्याला त्या दिवशी घरी ठेवावे, आणि कमी का दिले ते दोन ओळींत लिहावे. संसदेने सक्ती उठवून मुंबईकरांचा एक हेलपाटा वाचवला. पण हरकत आली तर उलटतपासणी त्या साक्षीदारांचीच व्हायची आहे, आणि त्यांना निवडण्याची वेळ माणसाच्या हयातीतच असते.