जळाले किती, सुकले किती?

फेब्रुवारी २०१९च्या अखेरीस कर्नाटकातील बंडीपूर व्याघ्र प्रकल्पात मोठा वणवा पेटला. वाळलेले गवत, घाणेरीची दाट जाळी आणि सोसाट्याचा वारा यांमुळे तो काही दिवस आवरेना. शेवटी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांतून पाणी टाकावे लागले. आग विझल्यावर हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने उपग्रहचित्रांवरून जळीत क्षेत्र मोजले, ते सुमारे १०,९०० एकर, म्हणजे सुमारे ४,४०० हेक्टर भरले. एवढे रान पायी तुडवून कक्षागणिक पंचनामा करायचा तर कित्येक आठवडे जातील, आणि तोवर राख उडून जाईल. त्यामुळे वणव्याचा हिशेब आकाशातून मांडणे योग्यच आहे. मात्र तो कसा मांडला जातो आणि कुठे चुकतो, हे समजून घेतले पाहिजे. आपल्या मेळघाट-ताडोब्याची जंगलेही बंडीपूरच्या बऱ्याच भागासारखीच पानझडी आहेत, आणि हिशेबातली सर्वांत मोठी चूक पानगळीतूनच उद्भवते.

या मोजणीची सर्वाधिक वापरातली रीत म्हणजे ‘नॉर्मलाइज्ड बर्न रेशो’, मराठीत जळीत निर्देशांक म्हणू. तिचे तत्त्व सोपे आहे. हिरवे पान डोळ्यांना न दिसणारा निकट अवरक्त प्रकाश भरपूर परावर्तित करते. त्याच्यापलीकडचा लघुतरंग अवरक्त प्रकाश मात्र पानातले पाणी शोषून घेते. जंगल जळाले की हे गणित उलटते. पाने गेल्यामुळे पहिला प्रकाश कमी परततो, आणि ओलावा गेल्यामुळे उघड्या, कोरड्या जमिनीवरून दुसरा जास्त परततो. दोन्हींची वजाबाकी करून तिला त्यांच्या बेरजेने भागले की निर्देशांक मिळतो. भागाकारामुळे डोंगराच्या उन्हातल्या आणि सावलीतल्या उतारांमधला फरकही बराचसा निघून जातो. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे कोणालाही विनामूल्य मिळतात. त्यांच्यासाठी सूत्र असे:

```
NBR  = (B8A - B12) / (B8A + B12)
dNBR = NBR_before - NBR_after
```

पहिली ओळ प्रत्येक चित्रासाठी वेगळी काढायची. दुसरी ओळ आगीआधीच्या निर्देशांकातून आगीनंतरचा वजा करते. उत्तर जितके मोठे, तितका त्या ठिकाणी बदल मोठा. या दोन पट्ट्यांत चित्राचा एक ठिपका जमिनीवर २० मीटर बाय २० मीटरचा असतो. असे २५ ठिपके मिळून एक हेक्टर होतो. जळालेले ठिपके मोजून २५ने भागले की क्षेत्र हाती येते.

आता नमुन्याचे आकडे घेऊन एक हिशेब करू. फेब्रुवारीच्या सुरुवातीला निम्मी पाने झडलेल्या जंगलातून निकट अवरक्त प्रकाश ०.२४ आणि लघुतरंग ०.१६ इतका परततो असे धरा. निर्देशांक ०.२० येतो. आगीनंतर हेच आकडे ०.१२ आणि ०.१८ झाले, तर निर्देशांक उणे ०.२० होतो. फरक ०.४०. अमेरिकेच्या वनक्षेत्रांवर बसवलेल्या आणि जगभर उचलल्या गेलेल्या तक्त्यात ०.१०च्या वरचा फरक सौम्य, ०.२७च्या वरचा मध्यम आणि ०.६६च्या वरचा तीव्र जळीत मानतात. म्हणजे इथले जळीत मध्यम ठरले.

पण शेजारचे, न जळालेले जंगल पाहा. मधल्या काही आठवड्यांत तिथली पानेही झडली, गवत आणखी सुकले. तिथे आकडे ०.२२ आणि ०.१८ झाले, निर्देशांक ०.२०वरून ०.१०वर आला. आगीचा स्पर्श नसतानाही फरक ०.१० निघाला. हा सुकण्याचा वाटा आहे, आणि तो जळीत जंगलाच्या आकड्यातही मिसळलेला आहे. म्हणून शेजारच्या न जळालेल्या, त्याच जातीच्या जंगलाचा सरासरी फरक काढून सगळीकडून वजा करायचा. या पानगळीच्या वजावटीनंतर जळीताचा खरा फरक ०.३० उरतो.

ही वजावट टाळली किंवा चित्रांच्या तारखा हव्या तशा निवडल्या तर काय होते? समजा, ढग नसलेले चांगले चित्र म्हणून ‘आधी’साठी नोव्हेंबरचे चित्र घेतले. पावसाळा नुकताच संपलेला, रान हिरवेगार, निर्देशांक ०.४५. फेब्रुवारीअखेर त्याच न जळालेल्या जंगलाचा निर्देशांक ०.१० असेल, तर फरक ०.३५ येतो. तक्त्यानुसार हे मध्यम जळीत झाले! काडीही न पेटता हजारो हेक्टर जंगल नकाशावर जळून जाते. म्हणूनच ‘आधी’चे चित्र आगीच्या शक्य तितक्या जवळच्या तारखेचे हवे. सेंटिनेलची जोडी साधारण पाच दिवसांनी त्याच जागेवरून जाते, आणि त्या महिन्यांत आकाश बहुधा निरभ्र असते. त्यामुळे ही अट अवघड नाही.

चूक उलट्या दिशेनेही होते. ‘नंतर’चे चित्र उशिरा घेतले आणि मधे वळवाचा पाऊस पडून गेला, तर काळ्या जमिनीवर हिरवे गवत फुटते आणि जळीत झाकले जाते. आपल्याकडचे बहुतेक वणवे जमिनीलगत पळतात. पाचोळा, रोपे आणि गवत जळते, पण मोठ्या झाडांचे शेंडे शाबूत राहतात. जिथे शेंडे दाट आहेत, तिथे खालची राख उपग्रहाला नीट दिसतच नाही. फरक थोडा येतो आणि नकाशा त्याला सौम्य म्हणतो. ज्या रोपांतून उद्याचे जंगल उभे राहायचे ती मात्र गेलेली असतात. याखेरीज सीमेवरची कापणी झालेली शेते आणि आटलेली तळीही जळीतासारखी दिसू शकतात.

या चुका ओळखता येतात. जळीत ठरलेल्या डागावर किंवा त्याच्या आसपास उपग्रहांनी आगीच्या दिवसांत टिपलेले उष्ण ठिपके आहेत का, हे पाहावे. त्यांची जाळी ३७५ मीटरची असल्याने हद्द त्यांवरून ठरत नाही आणि लहान आग निसटूही शकते. पण मोठ्या डागाजवळ एकही ठिपका नसेल, तर संशय घ्यावा. खऱ्या वणव्याची कड जाळरेषेला, रस्त्याला किंवा ओढ्याला येऊन थांबते. पानगळीचा डाग मात्र उतार आणि झाडांच्या जातींप्रमाणे पसरट, विरळ होत जातो. शेवटी काही ठिकाणे निवडून वनरक्षकाने तिथे जायचे, अक्षांश-रेखांश टिपायचे आणि बुंध्यावर काजळी किती उंच चढली आहे, किती रोपे जगली आहेत, ते लिहायचे. तीव्रतेचा तक्ता आपल्या जंगलासाठी या नोंदींवरूनच बसवला पाहिजे.

जळीत क्षेत्राच्या आकड्यावर नुकसानीचा अंदाज, निधीची मागणी आणि पुढच्या वर्षीची जाळरेषांची आखणी ठरते. म्हणून वनविभागाने वणव्याचा आकडा जाहीर करताना सोबत तीन गोष्टी छापाव्यात: दोन्ही चित्रांच्या तारखा, पानगळीपोटी केलेली वजावट, आणि प्रत्यक्ष पाहिलेल्या ठिकाणांची संख्या. या तीन ओळी नसतील, तर नकाशावरचे किती रान जळाले आणि किती नुसतेच सुकले, हे कोणालाच सांगता येणार नाही.