सारखी चूक आणि पक्षपाती चूक

रायपूर शहरालगत, बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भनपुरीची औद्योगिक वसाहत आहे. त्याच बाजूला उरला आणि सिलतरा येथील कारखाने असून सिलतऱ्यास स्पंज लोखंड तयार होते. जेथे कारखाना आणि वस्ती अशी शेजारी नांदतात, तेथे एक प्रश्न हटकून उपस्थित होतो : धुरात राहणाऱ्यांना खोकल्याचा विकार इतरांपेक्षा अधिक होतो काय? या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्यास प्रत्येक माणसाची वर्गवारी दोनदा करावी लागते. तो धुरातला की धुराबाहेरचा, हे एकदा ठरवायचे आणि तो आजारी की निरोगी, हे पुन्हा ठरवायचे. या दोन्ही वर्गवाऱ्यांत चुका होतात. त्या कशा होतात यावर उत्तराचे खरेखोटेपण अवलंबून असते, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

अशा चुकांविषयी अभ्यासकांत एक सोयीची समजूत रूढ आहे. चुकांमुळे संबंध केवळ फिका पडतो, तेव्हा जेवढा दिसला त्याहून खरा संबंध मोठाच असणार, असे ती सांगते. माझ्या मते ही समजूत अर्धीच खरी आहे, आणि तिच्या उरलेल्या अर्ध्या भागावर विसंबल्याने अहित होते.

प्रथम खरा अर्धा भाग पाहू. पुढील आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. ते भनपुरीत केलेल्या पाहणीचे नव्हेत. समजा, धुरात राहणारे 1,000 आणि धुराबाहेर राहणारे 1,000 लोक आहेत. पहिल्यांपैकी 200 जणांस आणि दुसऱ्यांपैकी 100 जणांस जुनाट खोकला आहे. म्हणजे धुरातल्यांचा धोका दुप्पट झाला. आता पाहणी करणाऱ्याने केवळ घराचा पत्ता पाहून वर्ग ठरवला. वारा नेहमी एकाच दिशेने वाहत नाही आणि जवळ राहणारा मनुष्य दिवसभर दूरच्या बाजारात कामाला असू शकतो. त्यामुळे दोन्ही गटांतील प्रत्येकी 200 माणसे चुकीच्या बाजूस गेली. ही चूक खोकला असणाऱ्या आणि नसणाऱ्या दोघांच्या बाबतीत सारख्याच प्रमाणात झाली. आता ‘धुरातल्या’ म्हणून नोंदलेल्या हजारांत 800 खरे आणि 200 उपरे आहेत. त्यांच्यातील खोकलेकरी 160 अधिक 20, म्हणजे 180 होतात. दुसऱ्या बाजूस 80 अधिक 40, म्हणजे 120 होतात. दुपटीचे प्रमाण दीडपटीवर उतरले. चुकीच्या बाजूस गेलेले लोक प्रत्येकी 400 असते, तर 160 आणि 140 असे आकडे आले असते आणि फरक जेमतेम उरला असता. अशा सारख्या चुकीस अभेदी अपवर्गीकरण म्हणता येईल. पाण्यात दूध आणि दुधात पाणी मिसळावे तसे ती दोन्ही गट एकमेकांसारखे करून टाकते, आणि संबंध शून्याकडे ओढला जातो.

यावरून एक गोष्ट निष्पन्न होते. ढोबळ वर्गवारी करून ‘विशेष फरक आढळला नाही’ असा निष्कर्ष कोणी काढला, तर तो धुराच्या निर्दोषत्वाचा पुरावा ठरत नाही. मोजपट्टीच बोथट असेल, तर जखम न दिसणे हा पट्टीचा दोष असू शकतो.

परंतु हा नियम वर्ग दोनच असतील तेव्हाचा आहे. समजा, आपण जवळचे, मधले आणि दूरचे असे प्रत्येकी हजारांचे तीन गट केले. खोकल्याचे खरे प्रमाण जवळच्यांत शेकडा 20 आणि उरलेल्या दोन्ही गटांत शेकडा 10 आहे. जवळच्यांपैकी 200 माणसे, आजाराचा काहीही संबंध नसताना, मधल्यांत नोंदली गेली. मधल्या गटात आता 1,200 लोक आणि 140 खोकलेकरी होतात; म्हणजे शेकडा सुमारे 11.7. मधल्या वस्तीस धुराची बाधा मुळीच नसता ती असल्याचे दिसू लागले. चूक सारखीच होती, तरी एका गटाचा संबंध शून्यापासून दूर गेला. शिवाय हा नियम सरासरीचा आहे. एखाद्या लहान पाहणीत चुका योगायोगाने एकाच बाजूस झुकू शकतात.

आता पक्षपाती चुकीकडे, म्हणजे भेदी अपवर्गीकरणाकडे, वळू. येथे चुकीचे प्रमाण आजारी आणि निरोगी यांच्यात, अथवा धुरातले आणि बाहेरचे यांच्यात, निरनिराळे असते. समजा, धुराचा खोकल्याशी वस्तुतः काहीही संबंध नाही. आपण 200 खोकलेकरी आणि 200 निरोगी माणसे निवडली. दोन्हींत धुरातले निम्मे आहेत. प्रत्येकास विचारले, ‘तुमच्या घरात धूर येतो काय?’ जो रात्ररात्र खोकतो त्याने कारणाचा विचार पुष्कळ केलेला असतो, म्हणून शंभरच्या शंभर जणांनी होकार दिला. निरोगी मनुष्यास धुराची आठवण राहतेच असे नाही. त्यांच्यापैकी 80 जणांनीच होकार दिला. आजाऱ्यांत होकार-नकार 100 : 100 आणि निरोग्यांत 80 : 120 असे पडले. यांचे गुणोत्तर दीड येते. जेथे काहीच नव्हते तेथे दीडपट धोका उभा राहिला, आणि तो केवळ स्मरणातील भेदाने.

हीच चूक उलट दिशेसही काम करते. पहिल्या उदाहरणातील दुप्पट धोका पुन्हा घेऊ. धुरातले बरेचसे लोक कारखान्यातच मजुरी करणारे असून, आजार सांगितल्यास काम जाईल या भीतीने त्यांच्यापैकी निम्म्या खोकलेकऱ्यांनी खोकला लपवला असे समजा. तेव्हा 200 चे 100 झाले, बाहेरचे 100 तसेच राहिले, आणि दुप्पट धोका कागदावरून पार नाहीसा झाला. निम्म्याहून अधिक लोकांनी लपवला असता, तर धूर आरोग्यास हितकारक आहे असेही सिद्ध झाले असते! पक्षपाती चुकीची दिशा आधी सांगता येत नाही. कोण, का आणि कोणत्या बाजूस चुकतो, हे पाहिल्यावरच ती कळते.

ही चूक ओळखण्याचा एक सुंदर मार्ग डॉल आणि हिल यांच्या 1950 सालच्या लंडन येथील अभ्यासात दिसतो. तंबाखूचे धूम्रपान आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध ते तपासत होते. मुलाखतीच्या वेळी काही रुग्णांस हा कर्करोग असल्याची समजूत होती, पण पुढे निदान निराळे ठरले. मुलाखतकारांच्या ग्रहामुळे उत्तरे वाकली असती, तर या रुग्णांचे धूम्रपानही कर्करोग्यांइतकेच नोंदले गेले असते. तसे झाले नाही. ते इतर आजाऱ्यांसारखेच निघाले. म्हणजे संबंध ग्रहातून जन्मला नव्हता.

भनपुरीसारख्या ठिकाणी याच धर्तीवर काम व्हावे असे मला वाटते. धुराची नोंद आजाराची चौकशी होण्यापूर्वी आणि आजाराशी अनभिज्ञ व्यक्तीने करावी. खोकला केवळ तोंडी न विचारता श्वासक्षमता यंत्राने मोजावी, म्हणजे लपवण्यास वाव कमी राहील. आजारी आणि निरोगी अशा दोन्हींतील थोड्या घरांत हवेतील धूलिकण प्रत्यक्ष मोजून, पत्त्यावरून केलेली वर्गवारी कितपत चुकली हे दोहोंसाठी वेगवेगळे पडताळावे. चूक दोन्हींत सारखी आढळली, तर उलट हिशेबही करता येतो. आपल्या पहिल्या उदाहरणात दिसलेला फरक शेकडा 18 वजा 12, म्हणजे 6 होता. दोन्ही बाजूंची चूक शेकडा 20 धरता खऱ्या फरकाचा 0.6 भागच दिसतो. 6 ला 0.6 ने भागले की खरा फरक 10 हाती येतो. चूक सारखी नसेल, तर हे सूत्र लावणे म्हणजे चुकीवर चूक रचणे होय.

म्हणून ‘चुका झाल्या, पण त्यांनी संबंध कमीच दाखवला असेल’ असे विधान कोणी केल्यास त्यास प्रथम विचारावे, की चूक सारखी होती हे आपण कशावरून म्हणता? या प्रश्नाचे उत्तर पडताळणीने मिळाले नसेल, तर पाहणीचा निष्कर्ष, तो कारखानदाराच्या बाजूचा असो वा रहिवाशांच्या, अनिर्णित समजणेच शास्त्रास धरून होईल.